दयाळू, उदार, परोपकारी वगैरे

बरेच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी काही जणांनी विचारलं की ब्लॉग बंद केलात का. बंद नाही केला, पण लिहावंसं वाटत नव्हतं. आज मात्र राग आलाय, आणि राग आला की मला लिहिता येतं. घरातल्या मंडळींना हे ठाऊक आहे. जे नातेवाईक हे वाचतील त्यांतले दोघेतिघे त्या बैठकीत होतेच, त्यांनी रागावू नये. रागवायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवावं.

विषय मामांचा. आमच्या कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेली कित्येक वर्षं रोज सकाळी येऊन बसणारे मामा गेल्या महिन्यात गेले. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. पगार नाही, गणवेश नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून येत होते, असं ते स्वतः सांगायचे.

आता ते बसायचे त्या बाकाजवळ एक फलक लावायचं ठरलंय. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शुद्धलेखन बघायला कच्चा मजकूर माझ्याकडे आला. तो असा: "दयाळू, उदार, करुणामूर्ती, परोपकारी, कृपाळू व सेवाभावी व्यक्तिमत्त्वाचे धनी असलेल्या मामांना भावपूर्ण श्रद्धांजली. असा माणूस पुन्हा होणे नाही."

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण शब्दागणिक चूक आहे, असं मी म्हटलं आणि तिथे वाजलं. "मास्तर, चांगलेच शब्द आहेत की सगळे. मेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहिले तर तुमचं काय जातंय?" काय जातंय तेच सांगायला हा लेख.

पहिला शब्द दयाळू. तो मी स्वतः मामांना त्यांच्या तोंडावर म्हटलाय, आणि त्याचं जे उत्तर मिळालं ते अजून विसरलो नाही.

2014 साली आई त्या दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर एक म्हातारबाबा, गगनबावड्याकडचे. पहाटेपासून चहा मागत होते. त्यांचा मुलगा औषध आणायला गेलेला. मला त्यांची दया आली. खाली जाऊन चहा आणला आणि सहाच्या सुमारास अर्धा कप पाजला. बाबांनी डोळे मिटून प्यायला, माझ्या हातावर हात ठेवला. मला फार बरं वाटलं. नऊ वाजता त्यांना ऑपरेशनला न्यायला आले. सकाळपासून पोटात काय गेलं का, असं डॉक्टरांनी विचारलं, आणि बाबांनी भाबडेपणाने सांगून टाकलं. ऑपरेशन रद्द. भूल दिलेला माणूस गिळायचं, खोकायचं विसरतो. पोटातलं वर आलं तर ते फुफ्फुसात जातं आणि जिवावर बेततं, म्हणून उपाशी ठेवतात. नुसत्या पाण्याला साधारण दोन तास पुरतात, पण दुधाचा चहा जेवणात धरतात आणि त्याला सहा तास लागतात. त्या दिवशीची यादी भरलेली होती. बाबांचा नंबर आणखी दोन दिवसांनी लागला. मोडक्या खुब्यानं ते दोन दिवस तसेच पडून राहिले, माझ्या दयेमुळे.

मामा मला ओरडले नाहीत. संध्याकाळी आईला पाणी हवं होतं, तेव्हा त्यांनी तांब्या उचलायच्या आधी सिस्टरना विचारलं, "ह्यांना पाणी चालतंय न्हवं?" सिस्टर हो म्हणाल्या, मग मान हाताने उचलून धरून त्यांनी घोट घोट पाजलं. मी भारावून म्हणालो, "मामा, तुम्ही फार दयाळू आहात." ते म्हणाले, "दया कुत्र्यामांजराची येतीया मास्तर. तुमच्या आईची मला कशाला दया यील? त्यास्नी तहान लागली हुती."

मी व्याकरण शिकवणारा माणूस, तरी हे मला त्या दिवशी कळलं. आपण म्हणतो, "मला त्याची दया आली." म्हणजे काय झालं? दया कुठे आली? माझ्याकडे. जसा मला ताप येतो, मला झोप येते, तशी मला दया येते. ज्याची येते त्याला त्या वाक्यात काहीच मिळत नाही. तो फक्त निमित्त. बाबांना चहा दिला तेव्हा बरं कुणाला वाटलं? मला. मामांना दया येत नसेल असं मी म्हणत नाही, आत काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत. पण ज्या गोष्टीमुळे ते मोठे होते ती दया नव्हती. "पाणी चालतंय न्हवं?" हा प्रश्न होता. तो प्रश्न दयेतून येत नाही. दयेला घाई असते.

दुसरा शब्द उदार. हा तर सरळ खोटा आहे. मामा कुणाला पैसे देत नसत. तो त्यांचा नियमच होता. एकदा का पैसे द्यायला लागलो की लोक हातात कागद न देता हात पुढं करतात, असं ते म्हणायचे. संस्कृतात उदार म्हणजे उंच, थोर. मराठीत तो देणाऱ्याला लागला, आणि द्यायला आधी जवळ असावं लागतं. मामांच्या जवळ पेन्शन आणि एक जुनी सायकल. शिवाय मराठी लोकांनी या शब्दाला केव्हाच ओळखलंय. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे उदार आपण रोज बघतो. दवाखान्याला चाकाची खुर्ची देऊन पाठीवर स्वतःचं नाव खुर्चीपेक्षा मोठं रंगवून घेणारे उदारच असतात. मी त्यांना हिणवत नाही, खुर्ची लागतेच. पण खुर्ची ढकलणाऱ्याला आणि खुर्ची देणाऱ्याला एकच शब्द लावला, तर ढकलणारा त्या शब्दातून गळून पडतो.

कृपाळू तर हास्यास्पदच. कृपा वरचा करतो. देव करतो, राजा करतो, साहेब करतो. तो न करू शकतो म्हणूनच ती कृपा. मामांच्या हातात काय होतं? सही नव्हती, शिक्का नव्हता, खाट देणं नव्हतं. त्यांना कृपाळू म्हणणं म्हणजे त्यांना साहेब करणं. आणि साहेब नसणं हीच तर त्यांची सगळी पुंजी होती. गावाकडून आलेली बाई साहेबाला प्रश्न विचारत नाही, मामांना विचारायची.

करुणामूर्तीबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण शब्द मोठा आहे. बुद्धाला लावतात तो. पण मराठीत रोजच्या बोलण्यात करुणा कोण करतो बघा. आपण "करुणा भाकणे" म्हणतो, आणि करुणा भाकतो तो अडलेला माणूस. रामदासांची करुणाष्टकं ही देवापुढची आर्जवंच आहेत. म्हणजे आपल्या भाषेत करुणेचा आवाज खाटेवरचा आहे, बाकावरचा नाही. आणि मूर्ती म्हणाल तर ती जागची हलत नाही. मामा दिवसातून पन्नास वेळा उठायचे.

आता परोपकारी. इथे माझं सर्वांत जास्त भांडण आहे.

उपकार हा शब्द मुळात फार साधा. उप म्हणजे जवळ. जवळ जाऊन केलेलं काही, एवढंच त्याच्या पोटात होतं. मराठीत येता येता आपण त्याचं कर्ज केलं. उपकार डोक्यावर असतात, उपकाराखाली माणूस दबतो, उपकार फेडायचे असतात. फेडणे हे क्रियापद मराठीत कर्जाला, नवसाला, पापाला आणि उपकाराला लागतं. अशा संगतीतला शब्द. त्याला पुढे "पर" जोडला की समोरचा परका, हे आधी ठरलं आणि मग त्याच्यावर उपकार.

दवाखान्यात आलेल्या गरीब माणसाला औषधाइतकीच धास्ती उपकाराची असते. मामांना ते पक्कं ठाऊक होतं. आईच्या वेळी मी त्यांच्या खिशात पाचशेची नोट कोंबायला गेलो, तर हात धरला आणि म्हणाले, "डब्यात काय आणलंय आज?" मेथीची भाजी आणि भाकरी होती. त्यातली अर्धी भाकरी त्यांनी माझ्या शेजारी बसून खाल्ली. पुढे मी बघत गेलो. ज्याच्यासाठी ते फार पळाले असतील त्याच्याकडून ते काहीतरी मागून खायचे. शेंगदाण्याची मूठ, चटणी, गूळ. मला आधी वाटलं म्हातारा खादाड आहे. नंतर कळलं की ते तिथल्या तिथे हिशेब मिटवत होते. त्या माणसाने गावाकडे जाताना डोक्यावर काही घेऊन जाऊ नये म्हणून.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनाही आपण भाषणांतून दयाळू, उदार, दीनांचे कनवाळू म्हणतो. 26 जुलै 1902 चा त्यांचा हुकूम म्हणजे मागासलेल्या वर्गांना संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा. यात दया कुठाय? दया आली असती तर धान्य वाटून मोकळे झाले असते. तो वाटा होता, आणि वाटा मिळाला की उपकार फेडावे लागत नाहीत. गंगाराम कांबळ्यांची गोष्टही आपण अर्धीच सांगतो. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांच्या पाठबळावर त्यांनी चहाचं सत्यसुधारक हॉटेल काढलं. इथवर उदार हा शब्द पुरतो. पण नुसतं हॉटेल काढून भागलं नसतं, त्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तिथे थांबून, लोकांदेखत, कांबळ्यांच्या हातचा चहा पीत, आणि बरोबरच्यांनाही पाजत. मोठेपण त्या घेण्यात होतं. दिलेल्या भांडवलाला आपल्याकडे डझनभर शब्द आहेत. त्या प्यायलेल्या कपाला एकही नाही.

राहिला सेवाभावी. या शब्दात सेवा कमी आणि भाव जास्त. मामांचा भाव काय होता मला माहीत नाही. बऱ्याचदा ते वैतागलेले असत. काम काय होतं ते मात्र मी बघितलंय, आणि तेच फलकावर कुठे नाही.

एक रात्र सांगतो. ऊसतोडीचे दिवस. ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला एक माणूस आणला होता. बरोबर त्याची बायको आणि बारा-तेरा वर्षांचा पोरगा. बाई एका हातात चार कागद धरून दारात उभी. मामांनी आधी विचारलं, "काय खाल्लंय का?" पोराला बिस्किटाचा पुडा दिला. मग कागद हातात घेऊन एकेक वाचला. मग विचारलं, "मालकांचं नाव काय?" बाई नाव घेईना. पोरगा म्हणाला, "पांडू." मामा म्हणाले, "रेशनकार्डावर काय हाय?" पोराला माहीत नव्हतं. बाईच्या पिशवीतून कार्ड निघालं, त्यावर पांडुरंग आणि पुढे बापाचं नाव. केसपेपरवर घाईत पांडू लिहिलं गेलेलं. मामा उठले, पोराला बरोबर घेऊन खिडकीशी गेले आणि कार्ड दाखवून ते नाव सगळीकडे दुरुस्त करून घेतलं. मगच पुढचं.

मला वाटलं, माणूस मरायला टेकलाय आणि हे नावाचं शुद्धलेखन काय करतायत! शुद्धलेखनाच्या मास्तराला असं वाटावं, हे आता हसण्यासारखं आहे. मामांनी नंतर समजावलं. रक्तपेढीत डॉक्टरांचा मागणीचा कागद आणि रुग्णाच्या रक्ताची नळी अशी दोन्ही जातात. कागदावर पांडुरंग आणि नळीवर पांडू असेल तर ती नळी परत येते, आणि यायलाच पाहिजे, कारण चुकीच्या माणसाचं रक्त चढलं तर माणूस जातो. नळी परत आली की पुन्हा रक्त काढा, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा जिने. जुळवणीला पाऊण-एक तास लागतो तो पुढेच, आणि रात्री दोनला तो तास कुठून आणायचा? शिवाय सरकारी योजनेत उपचार बसवायचा, तर केसपेपरवरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच लागतं. पहिल्या खिडकीवर लिहिलेलं पांडू पंधरा दिवसांनी घरी सोडताना आडवं येतं, आणि तोवर बाईने कानातलं मोडलेलं असतं.

दुरुस्ती झाल्यावर मामांनी पोराला एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: आधी कुठं, मग कुठं, कोणता मजला, कुणाला काय दाखवायचं. रक्तपेढीपर्यंत बरोबर गेले, पण खिडकीपासून चार हात मागे उभे राहिले. "तू बोल. मी मागं हुबा हाय." पोरगा बोलला. दुसऱ्या बाटलीला तो एकटा गेला. आठ दिवसांनी मी त्याच पोराला दुसऱ्या कुठल्या तरी म्हातारीला जिन्यापाशी सांगताना ऐकलं, "आज्जी, रेशनकार्डावरचंच नाव सांगा बगा."

आता सांगा, हे दयाळू आहे का? उदार? कृपाळू? मी शब्द शोधून थकलो. हा माणूस जाणता होता, तिथला माहीतगार होता, आणि सोबत करत होता. सोबत हा त्यातल्या त्यात मला पटणारा शब्द. दया, कृपा, उपकार सगळे कुणाच्या तरी "वर" होतात. कुणी म्हणेल, मायासुद्धा मुलावरच करतात, प्रेमही कुणावर तरीच असतं. मान्य, एका प्रत्ययावर सगळा दावा टांगता येत नाही. पण सोबत कुणावर करता येत नाही एवढं खरं. ती कुणाला तरी किंवा कुणाच्या तरी बरोबरच होते, आणि त्यासाठी उठून जिना चढावा लागतो.

आता त्या मजकुरातलं शेवटचं वाक्य. "असा माणूस पुन्हा होणे नाही." बैठकीत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते याच वाक्याला, आणि माझं डोकं फिरलं तेही याच वाक्याला. विशेषणं नुसती पोकळ असती तर मी गप्प बसलो असतो. पण ती एक काम करतात. मामांचं सगळं काम उचलून ती त्यांच्या स्वभावात नेऊन ठेवतात. ते जन्मजात दयाळू, आपण तसे नाही, सबब तो बाक रिकामा राहणार, आपण हार घालून घरी. ही श्रद्धांजली नाही, ही आपली सुटका आहे.

खरं तर मामा जे करत होते त्यातलं बरंचसं शिकता येण्यासारखं होतं. बारा वर्षांचं पोरगं आठ दिवसांत शिकलं. रेशनकार्डावरचं नाव विचारायला करुणामूर्ती असावं लागत नाही. पाणी पाजण्याआधी सिस्टरना विचारायला व्यक्तिमत्त्वाचं धनी असावं लागत नाही. रोज यावं लागतं, हे अवघड आहे, ते मी नाकारत नाही. रोज येण्याचं बळ मामांना कुठून येत होतं, ते मला कळलेलं नाही, आणि त्याला कुणी माया म्हटलं तर मी भांडणार नाही. पण ती त्यांची खासगी गोष्ट. फलक लोकांसाठी असतो.

बैठकीत मामी कोपऱ्यात बसल्या होत्या. इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. माझा आवाज चढल्यावर म्हणाल्या, "दयाळू कुठलं? घरात पाण्याचा तांब्या कधी उचलला न्हाई." सगळे हसले, त्याही हसल्या, आणि मग पदर डोळ्याला लावला. एवढं खरं बोलणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

शेवटी मी मजकूर नवा लिहून दिला. तो असा:

"मामा इथे बसत. कागद वाचून दाखवत. नाव रेशनकार्डाप्रमाणे घातलंय ना, ते बघत. रुग्णाला पाणी द्यायच्या आधी सिस्टरना विचारत. खिडकीपर्यंत सोबत येत, आणि बोलू तुम्हालाच देत. तुमच्या डब्यातली भाकरी खात. बाक रिकामा आहे. बसा."

विशेषण एकच उरलंय, रिकामा. समितीतल्या दोघांना हे रुक्ष वाटतंय. एकाचं म्हणणं, निदान "परोपकारी" तरी ठेवा, पाहुणे काय म्हणतील. निर्णय रविवारी आहे. हरलो तर हरलो. फलकावर काहीही येवो, सोमवारपासून सकाळचे दोन तास मी त्या बाकावर बसणार आहे. मला लिहिता-वाचता येतं, नावांचं शुद्धलेखन जमतं, आणि चहाच्या बाबतीत माझा हात एकदा चांगला पोळलेला आहे.

असो. कोल्हापुरात असाल तर या. डब्यात जास्तीची भाकरी आणा.